रोटेशनने नेमकं कोण रिटायर होतं, आणि पुनर्नियुक्तीचा ठराव पडला तर पुढे काय?

प्रश्न: आमची अनलिस्टेड पब्लिक लिमिटेड कंपनी आहे, मेंबर हजाराच्या बऱ्याच खाली. बोर्डवर ९ डायरेक्टर: २ इंडिपेंडंट, चेअरमन आणि एमडी आर्टिकल्सप्रमाणे कायमचे, ४ रोटेशनवाले, आणि जानेवारीत बोर्डने घेतलेला १ अ‍ॅडिशनल. एजीएम २५ सप्टेंबर २०२५ ला. अकाउंट्सवाले म्हणतात यंदा दोघं रिटायर करायचे, सगळ्यात जुने क आणि ख. ते बरोबर आहे का? आणि कुटुंबात दोन गट पडलेत, थोरल्यांकडे ४६ टक्के, धाकट्यांकडे ४४, बाकी १० सुटे शेअरहोल्डर. कोणाचा ठराव पडला तर तो डायरेक्टर राहतो की जातो? चौघांच्या शेवटच्या नियुक्तीच्या तारखा: क २०२२ ची एजीएम, ख २०२३ ची, घ २०२४ ची. ग हे मार्च २०२४ मध्ये आले, जे डायरेक्टर फेब्रुवारीत वारले त्यांच्या जागी, आणि सप्टेंबर २०२४ च्या एजीएमने ते मंजूर केलं. वारलेले डायरेक्टर २०२१ च्या एजीएमला रिपॉइंट झाले होते.

उत्तर:

अकाउंट्सवाल्यांचं दोन्हीकडे चुकलंय. यंदा एकच जण रिटायर होतो, आणि तो ना क ना ख, तो ग.

आधी किती जण ते बघू. कंपनीज अ‍ॅक्ट २०१३ च्या कलम १५२ च्या पोटकलम ६ मध्ये दोन वेगळी गणितं आहेत आणि लोक ती एकमेकांत मिसळतात. पहिलं गणित बोर्डाच्या रचनेचं: आर्टिकल्समध्ये सगळेच डायरेक्टर दरवर्षी रिटायर होतील असं लिहिलं नसेल तर पब्लिक कंपनीत एकूण डायरेक्टरांपैकी किमान दोन तृतीयांश रोटेशनवाले असलेच पाहिजेत. या 'एकूण' मध्ये इंडिपेंडंट धरायचे नाहीत, कलमाच्या स्पष्टीकरणातच तसं लिहिलंय, आणि कलम १४९ चं पोटकलम १३ त्यांना रोटेशनमधूनही वगळतं. म्हणजे तुमचे ९ नाही, ७. सातचे दोन तृतीयांश ४.६७, आणि 'किमान' म्हटलंय म्हणून वर जायचं, ५. म्हणजे कायमचे जास्तीत जास्त दोनच बसतात, आणि ती दोन्ही जागा चेअरमन आणि एमडीने आधीच अडवल्यात. हे लक्षात ठेवा, याचं काम थोडं पुढे पडणार आहे.

दुसरं गणित दरवर्षीचं: एजीएमच्या दिवशी जे रोटेशनवाले असतील त्यांच्या एक तृतीयांश, आणि आकडा तीनच्या पटीत नसेल तर एक तृतीयांशच्या सगळ्यात जवळचा पूर्ण आकडा. इथे वर-खाली करायचं नसतं, जवळचा बघायचा. चार असतील तर १.३३, म्हणून एक. पाच असतील तर १.६७, म्हणून दोन. तुमच्याकडे दोन आले कारण अ‍ॅडिशनल डायरेक्टरला, त्याला आपण च म्हणू, रोटेशनवाल्यांत मोजलं. च ला मोजत नाहीत. त्याची मुदत कलम १६१ च्या पोटकलम १ प्रमाणे पुढच्या एजीएमपर्यंतच असते, किंवा एजीएम ज्या शेवटच्या तारखेपर्यंत व्हायला हवी होती तिथपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. तो आपोआप संपतो, पाळीने रिटायर होत नाही. त्यामुळे यंदाचा हिशोब चारांचाच, आणि उत्तर एक.

आता कोण. नियम साधा आहे, शेवटच्या नियुक्तीपासून सगळ्यात जास्त काळ जो खुर्चीवर आहे तो. तारखांचा तक्ता एक्सेलमध्ये टाकून सॉर्ट केला की क वर येतो, २०२२. पण ग हे कॅज्युअल व्हेकन्सीत आलेत, म्हणजे सर्वसाधारण सभेने नेमलेला डायरेक्टर मुदत संपायच्या आत गेला आणि बोर्डने ती जागा भरली. कलम १६१ चं पोटकलम ४ म्हणतं की असा माणूस फक्त तेवढ्याच तारखेपर्यंत पदावर राहतो जेवढ्या तारखेपर्यंत मूळ माणूस राहिला असता. सप्टेंबर २०२४ मध्ये मेंबरांनी मंजुरी दिली ती त्या नेमणुकीला शिक्का मारणं आहे, त्याने ग ना नवीन मुदत मिळत नाही. मूळ डायरेक्टर २०२१ चे होते, त्यानंतर २०२२ ला क, २०२३ ला ख, २०२४ ला घ अशी पाळी फिरली, म्हणजे २०२५ ला नंबर त्यांचाच होता. तो नंबर ग नी वारशाने घेतलाय असं समजा. ही चूक मी बऱ्याच कंपन्यांच्या रजिस्टरात बघितलीय आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ठराव एकमताने पास होत असतात. तुमच्याकडे गट पडलेत म्हणून ती महागात पडेल: क ना विनाकारण मतदानाला उभं केलं आणि ते पडले, तर ज्या माणसाची मुदत संपलेलीच नव्हती त्याची खुर्ची गेली, आणि ग ची मुदत संपूनही ते बसलेले, यावर पुढे कोर्टकचेरी होणारच.

च चं आता बघा. त्याला एजीएमला नियमित करायचा असेल तर लक्षात घ्या की तो 'रिटायरिंग डायरेक्टर' नाही, त्यामुळे त्याच्यासाठी कलम १६० ची नोटीस लागते, आणि हा विषय स्पेशल बिझनेस आहे म्हणून कलम १०२ चं स्पष्टीकरण नोटिशीला जोडावं लागतं. ग चा विषय मात्र ऑर्डिनरी बिझनेस, अकाउंट्स आणि डिव्हिडंडच्या रांगेतला, त्याला ते स्पष्टीकरण सक्तीचं नाही. दोघांचीही माहिती मात्र नोटिशीत द्यायची, सेक्रेटरियल स्टँडर्ड दोन मध्ये यादी आहे: वय, शिक्षण, अनुभव, पहिली नियुक्ती कधी, शेअर किती, इतर डायरेक्टरांशी नातं काय, वर्षात किती बोर्ड मीटिंगना हजर होते, दुसऱ्या कुठल्या कंपन्यांत आहेत वगैरे. नात्याचा रकाना फॅमिली कंपन्या हमखास रिकामा सोडतात, तुमच्याकडे तर तो सगळ्यात आधी वाचला जाईल.

आणि मघाशी लक्षात ठेवा म्हटलं ते इथे. च ला नेमायच्या ठरावात 'रोटेशनने रिटायर होण्यास पात्र' हे शब्द आलेच पाहिजेत. थोरल्यांनी किंवा धाकट्यांनी कोणीही म्हटलं की आमचा च पण कायमचा करा, तर ७ पैकी ३ कायमचे होतील आणि रोटेशनवाले ४ च राहतील, पाच लागतात, म्हणजे बोर्डाची रचनाच बेकायदेशीर.

ग आणि च दोघांना एकाच ठरावात घालू नका, विषयपत्रिका आटोपशीर दिसते म्हणून लोक घालतात. कलम १६२ प्रमाणे एका ठरावात एकच डायरेक्टर, नाहीतर आधी सभेने एकही विरोधी मत न पडता एकत्र ठरावाला परवानगी द्यायला हवी. तुमच्याकडे एकही विरोधी मत पडणार नाही अशी सभा होईल असं मला वाटत नाही.

आता तुमच्या मुख्य काळजीकडे येतो, ठराव पडला तर. ग थोरल्या गटाचे आहेत असं धरू. ऑर्डिनरी रिझोल्यूशन म्हणजे बाजूने पडलेली मतं विरोधातल्या मतांपेक्षा जास्त हवीत, एकूण शेअरच्या निम्मी नव्हे, पडलेल्या मतांतली. सुटे दहा टक्के कोणी आलेच नाहीत तर ४६ विरुद्ध ४४, ग निवडून आले. धाकट्यांनी त्यातले तीन टक्के जमवले आणि बाकी सात घरी बसले, तर ४६ विरुद्ध ४७, ग गेले. समसमान झाली तर बाजूची मतं जास्त झाली नाहीत, म्हणजे ठराव पडलाच, आर्टिकल्समध्ये चेअरमनला कास्टिंग व्होट असेल तर गोष्ट वेगळी, ते तपासा. पण हे सगळं पोल झाला तर. मेंबर हजाराच्या खाली आणि कंपनी अनलिस्टेड म्हणजे ई-व्होटिंगची सक्ती नाही, तुमच्याकडे आधी हात वर करूनच मतदान होणार, आणि हाताला शेअर दिसत नाहीत, एक माणूस एक मत. ज्या गटाकडे डोकी कमी आणि शेअर जास्त त्यांनी लगेच पोल मागायचा, कलम १०९ प्रमाणे दहा टक्के मताधिकार किंवा पाच लाख रुपये भरणा झालेले शेअर असणारे मेंबर मागू शकतात. ग स्वतः शेअरहोल्डर असतील तर स्वतःच्या ठरावावर मत देऊ शकतात, त्यावर भांडू नका. ग स्वतःच सभेचे अध्यक्ष असते तर मात्र त्या विषयापुरती खुर्ची दुसऱ्याकडे द्यावी लागली असती.

ठराव मांडला आणि पडला, तर ग डायरेक्टर राहत नाहीत, विषय संपला. 'पण कायद्यात डीम्ड रिपॉइंटमेंट आहे ना' हे मला प्रत्येक भांडणात ऐकायला मिळतं. आहे, पण कलम १५२ चं पोटकलम ७ नीट वाचा. ते असं चालतं: सभेत ती जागा भरली गेली नाही आणि जागा भरायची नाही असा स्पष्ट ठरावही झाला नाही, तर सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच ठिकाणी तहकूब होते. तो दिवस राष्ट्रीय सुट्टीचा असेल तर त्यानंतरच्या सुट्टी नसलेल्या दिवशी. तुमची २५ सप्टेंबर गुरुवार आहे, पुढचा गुरुवार २ ऑक्टोबर, गांधी जयंती, म्हणजे सभा ३ ऑक्टोबर शुक्रवारी. त्या तहकूब सभेतही जागा भरली नाही आणि न भरायचा ठरावही नाही, तरच जुना डायरेक्टर त्या तहकूब सभेत पुन्हा नेमला गेला असं मानतात. आणि त्याला अपवाद आहेत: पहिल्या किंवा दुसऱ्या सभेत त्याचा ठराव मांडून पडला असेल, त्याने मला नको असं लेखी कळवलं असेल, तो अपात्र असेल, त्याच्या नेमणुकीला कायद्याच्या एखाद्या तरतुदीने ठराव, साधा असो की स्पेशल, लागत असेल, किंवा कलम १६२ लागू होत असेल.

पहिला अपवादच तुमच्या कामाचा. ठराव पडला की डीम्डचा रस्ता बंद. गंमत अशी की जागा मात्र अजून उघडी असते, कारण ग ना नाकारणं म्हणजे जागा भरायची नाही असं सभेने ठरवणं नव्हे. म्हणून शब्दशः बघितलं तर सभा त्या जागेपुरती ३ ऑक्टोबरला पुन्हा भरते. जिंकलेल्या गटाला आठवडाभर ही टांगती तलवार नको असेल तर त्याच सभेत 'ही जागा तूर्त भरायची नाही' असा वेगळा ठराव करून टाकावा.

आता यातली खेळी. सभेचा अध्यक्ष थोरल्या गटाचा आहे आणि त्याला कळलंय की मतं कमी पडतायत. तो विषय वाचतच नाही, किंवा गोंधळाचं निमित्त करून पुढच्या विषयावर जातो. मांडलाच नाही म्हणजे पडलाही नाही. सभा आठवड्याने तहकूब, तिथेही तेच, आणि ग डीम्ड रिपॉइंट. धाकट्यांनी काय करायचं? अजेंड्यावरचा तो विषय आला की उठून तो मतदानाला टाका अशी मागणी करायची, आणि आपली मागणी मिनिट्समध्ये नोंदवून घ्यायची. त्याहून भक्कम उपाय म्हणजे कलम १६० खाली स्वतःचा उमेदवार उभा करायचा: सभेच्या किमान १४ दिवस आधी कंपनीच्या रजिस्टर्ड ऑफिसला लेखी नोटीस आणि एक लाख रुपये डिपॉझिट. उमेदवार निवडून आला किंवा पडलेल्या वैध मतांच्या २५ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली तर पैसे परत. नॉमिनेशन अँड रिम्युनरेशन कमिटीने, किंवा ती कमिटी लागू नसलेल्या कंपनीत बोर्डने, शिफारस केली असेल तर डिपॉझिट माफ, म्हणून बोर्डच्या शिफारशीवर आलेल्या च ला पैसे भरावे लागणार नाहीत, बाहेरच्या गटाच्या उमेदवाराला लागतील. हे सगळं २५ सप्टेंबरच्या सभेआधीच करायला हवं, तहकुबीनंतर आठ दिवसच हातात असतात, चौदा दिवस कुठून आणणार.

हे फक्त छोट्या फॅमिली कंपन्यांत होतं असं समजू नका. मुंबईच्या झी एंटरटेन्मेंटच्या नोव्हेंबर २०२४ च्या एजीएमला पुनित गोएंका रोटेशनने रिटायर होऊन पुनर्नियुक्तीला उभे होते, बाजूने साधारण साडेएकोणपन्नास टक्के आणि विरोधात पन्नासहून थोडी जास्त मतं पडली आणि ठराव पडला. ते काही दिवस आधीच एमडी पदावरून उतरून सीईओ झाले होते, त्यामुळे बोर्डावरून गेले तरी सीईओ राहिले. एमडी असताना असा ठराव पडला असता तर एमडी पदही गेलं असतं, कारण एमडी आधी डायरेक्टर असावाच लागतो. म्हणून ज्या कंपन्या एमडीला रोटेशनवाला ठेवतात त्या त्याच्या करारात लिहितात की रोटेशनने रिटायर होऊन त्याच सभेत पुन्हा नेमला गेला तर एमडीच्या मुदतीत खंड पडला असं मानायचं नाही. तुमचा एमडी कायमचा आहे, त्याला हे लागू नाही. पण त्याची एमडी म्हणून मुदत एका वेळी पाच वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही, ती वेगळी संपते, त्याची रोटेशनशी गल्लत करू नका. कंपनी लिस्टेड असती तर सेबीच्या एलओडीआर नियम १७ (१डी) प्रमाणे १ एप्रिल २०२४ पासून कायमच्या डायरेक्टरलाही पाच वर्षांतून एकदा शेअरहोल्डरांची मंजुरी घ्यावी लागली असती. तुमच्या चेअरमनसाहेबांना सध्या तो त्रास नाही.

कोणीतरी तुम्हाला असंही सुचवेल की एजीएमच पुढे ढकला, म्हणजे ग आपोआप चालू राहतील. हे करू नका. १९५९ साली मुंबई हायकोर्टाने कोलाबा लँड अँड मिल कंपनीच्या प्रकरणात सांगितलंय की एजीएम घेतलीच नाही तर ज्यांची पाळी होती ते एजीएमची जी शेवटची कायदेशीर तारीख असेल त्या दिवशी पदावरून जातात, सभा टाळून स्वतःची मुदत लांबवता येत नाही. तुमचं वर्ष ३१ मार्चला संपत असेल तर ती तारीख ३० सप्टेंबर. रजिस्ट्रारकडून खास कारणासाठी मुदतवाढ मिळाली, जास्तीत जास्त तीन महिने, तर तेवढी पुढे सरकते, पण दोन गट भांडतायत हे खास कारण म्हणून चालेल असं वाटत नाही. त्यानंतर ग नी सह्या केलेल्या प्रत्येक बोर्ड ठरावावर धाकटा गट बोट ठेवेल.

कागदपत्रांचं: ग कडून नोटीस काढायच्या आधीच DIR-8 घ्या, म्हणजे कलम १६४ खाली अपात्र नाही असं त्यांचं लेखी येतं. त्यांची दुसरी एखादी कंपनी असेल आणि तिने सलग तीन वर्षं बॅलन्स शीट किंवा अ‍ॅन्युअल रिटर्न भरलं नसेल तर ते तुमच्याकडेही पुन्हा नेमले जाऊ शकत नाहीत, आणि ते सभेच्या दिवशी कळण्यापेक्षा ऑगस्टमध्ये कळलेलं बरं. सभेची नोटीस पूर्ण २१ दिवसांची, पाठवल्याचा आणि सभेचा दिवस सोडून. सभेनंतर ग पुन्हा नेमले गेले तर बोर्डाच्या रचनेत बदल काहीच नाही, त्यामुळे प्रॅक्टिसमध्ये त्यांच्यासाठी DIR-12 भरत नाहीत. पडले तर ते डायरेक्टर राहिले नाहीत म्हणून ३० दिवसांत DIR-12. च साठी मात्र तो भरायचाच, अ‍ॅडिशनलचा डायरेक्टर झाला म्हणून. साधा ठराव आहे, MGT-14 ची गरज नाही.

शेवटी रजिस्टरमध्ये पुढची दोन वर्षं आत्ताच मांडून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी हा घोळ परत होणार नाही. ग आणि च दोघेही पास झाले असं धरलं तर २०२६ ला रोटेशनवाले पाच होतात, एक तृतीयांश १.६७, म्हणजे दोन जण: क आणि ख. तेव्हा अकाउंट्सवाल्यांचं उत्तर बरोबर ठरेल, एक वर्ष उशिरा. २०२७ ला परत दोन, त्यात घ नक्की, आणि दुसरा ग किंवा च यातला एक, कारण दोघांची नियुक्ती एकाच दिवशी, २५ सप्टेंबर २०२५ ला झालेली असेल. कलम म्हणतं की एकाच दिवशी आलेल्यांनी आपसात ठरवायचं, नाही जमलं तर चिठ्ठ्या टाकायच्या. ग थोरल्यांचे आणि च धाकट्यांचा असेल तर आपसात ठरण्याची आशा कमीच, तेव्हा चिठ्ठ्या बोर्ड मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर टाका, नोटीस निघायच्या आधी, आणि कोणाची चिठ्ठी कोणी काढली ते त्याच मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहा.